गाडी उभी राहिली की किलोमीटर महागतो

समजा, दहा चाकी मालट्रक लिटरला 4 किलोमीटर धावतो आणि डिझेल 92 रुपये आहे. म्हणजे किलोमीटरला 23 रुपये. दहा टायर 2 लाखांचे, ते 80,000 किलोमीटर टिकले तर आणखी अडीच. हा झाला धावण्याचा खर्च. कर्जाचा हप्ता 60,000, ड्रायव्हरचा पगार 25,000 आणि परमिट, विमा, कर मिळून 15,000 हा महिन्याचा लाखभर खर्च मात्र गाडी उभी असली तरी चुकत नाही. महिन्यात 8,000 किलोमीटर झाले तर तो किलोमीटरला साडेबारा पडतो. 5,000 झाले तर 20. एकूण खर्च 38 रुपयांवरून साडेपंचेचाळीसवर जातो. टोल, दुरुस्ती वेगळी. परतीची फेरी रिकामी असेल, तर भाडे ठरवताना तेही किलोमीटर धरा.