फोल्डर मागच्या तारखेला नेताना

बिघडलेल्या फायली एकेक शोधून परत आणण्याऐवजी अख्खा फोल्डर मागच्या तारखेच्या स्थितीत नेता येतो. विंडोजमध्ये फोल्डरवर राइट-क्लिक करून `Properties` आणि मग `Previous Versions` उघडलं, की जुन्या तारखांची यादी दिसते. प्रत्येक नोंद म्हणजे एक स्नॅपशॉट (त्या वेळची फोल्डरची जपून ठेवलेली स्थिती). मात्र `File History` किंवा रिस्टोअर पॉइंट आधीपासून चालू नसतील, तर ही यादी रिकामीच असते.

`Restore` दाबलं की फोल्डर हुबेहूब त्या दिवसासारखा होतो, असा अनेकांचा समज आहे. तसं होत नाही. माळ्यावर पूर्वी असलेलं सामान कोणी जागच्या जागी आणून ठेवावं, पण नंतर चढवलेली खोकी तशीच राहू द्यावीत, तसं हे आहे. जुन्या फायली परततात, त्याच नावाच्या आजच्या फायलींवर लिहिल्या जातात आणि नंतर आलेल्या फायली तिथेच राहतात.

समजा, सोसायटीच्या हिशोबातल्या 180 पावत्यांची नावं चुकून बदलली गेली. `Restore` केल्यावर मूळ नावांच्या 180 परत येतील, चुकीच्या नावांच्याही 180 राहतील. म्हणजे 360 फायली. शिवाय त्याच फोल्डरमधल्या ताळेबंदात स्नॅपशॉटनंतर केलेली दुरुस्ती पुसली जाईल, आणि माझ्या मते खरा धोका हाच. म्हणून आधी `Open` करून जुना फोल्डर नुसता पाहावा आणि त्याची प्रत वेगळ्या जागी काढावी. आजचा ताळेबंद त्या प्रतीत हलवला, की तोच फोल्डर वापरायला घ्यावा.