एका माणसाची खिचडी आणि साडेसहा ते नऊ

आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. म्हणाला, "सर, आता तुम्ही स्वयंपाक शिकवणार की काय?" मी म्हटलं, बाबा रे, शिकवण्याची माझी लायकी नाही. पण एकाहत्तराव्या वर्षी पुस्तकं समोर ठेवून मी तो शिकलो. त्यात कोणतं पुस्तक कुठे उपयोगी पडलं आणि कुठे फसवून गेलं, तेवढं सांगतो.

माझी पत्नी गेली त्याला आता तीन वर्षं होतील. तोवर मला चहा करता येत होता, तोही ती गावाला गेली तर. तेराव्यानंतर मुलगी आणखी तीन आठवडे राहिली. जाताना फ्रीजवर डबेवाल्या बाईंचा नंबर चिकटवून गेली. डबा चांगला होता, पण तो येई साडेसातला आणि पुढची संध्याकाळ मोकळीच राही. म्हणून मी स्वयंपाकाकडे वळलो. भुकेसाठी नाही, वेळेसाठी.

आता थोडं माझ्या विषयाचं बोलतो, फार नाही. गिल्बर्ट राइल या इंग्रज तत्त्वज्ञाचं 'द कन्सेप्ट ऑफ माइंड' हे पुस्तक १९४९ साली आलं. ते मी वर्गात कितीतरी वर्षं शिकवलं. त्यात तो एक भेद करतो. एखादी गोष्ट अशी अशी आहे हे माहीत असणं वेगळं आणि ती करता येणं वेगळं. काही लोकांना वाटतं की आचारी आधी मनात पाककृती म्हणतो आणि मग तिच्याबरहुकूम रांधतो. राइल म्हणतो, तसं नसतं. हे मी फळ्यावर उत्तम समजावून सांगत असे. आणि घरी फोडणीत मोहरी आधी की हळद आधी, हे मला ठाऊक नव्हतं! (राइलनं जन्मभर लग्न केलं नाही. त्याच्या स्वयंपाकाचं काय, कोण जाणे.)

घरात दोन पुस्तकं होती. एक कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा', १९७०मध्ये पहिल्यांदा निघालेली. ही बहुतेक मराठी घरांत असते आणि असावीच, कारण तिच्यात माप वाटी-चमच्याचं आहे, वजनकाटा लागत नाही. दुसरी पत्नीची वही. दोनशेपानी, तेलाचे डाग पडलेली. त्या वहीत मुगाच्या खिचडीखाली एवढंच लिहिलं होतं: तांदूळ, मूगडाळ, नेहमीची फोडणी, गूळ नखभर. बस्स. कृती नाहीच. जे तिच्या हातात होतं ते तिनं लिहून कशाला ठेवायचं? विसरू नये म्हणून तिनं फक्त गुळाची नोंद केली. मला पहिले काही दिवस त्या वहीचा राग आला, हे कबूल करतो. मग उलगडा झाला की कृती छापील पुस्तकातून घ्यायची आणि चव वहीतून. दोन्ही शेजारी शेजारी उघडी ठेवायची.

पण छापील पुस्तकाची अडचण वेगळी. ते कुटुंबासाठी लिहिलेलं असतं. समजा, चौघांच्या खिचडीला दोन वाट्या तांदूळ, एक वाटी डाळ आणि धान्याच्या दुप्पट, म्हणजे सहा वाट्या पाणी. मी गणिती माणसासारखा सगळ्याला चारानं भागलं. अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी डाळ, दीड वाटी पाणी. पाच लिटरच्या कुकरमध्ये थेट घातलं, झाकण लावलं आणि शिट्टीची वाट बघत बसलो. शिट्टी आली नाही, जळका वास आला. कारण साधं आहे. एवढ्या मोठ्या कुकरच्या तळाशी दीड वाटी पाणी म्हणजे नुसता थर. वाफ कोंडून दाब तयार व्हायच्या आत त्यातलं बरंचसं पाणी झाकणातून निघून गेलं आणि तळ कोरडा पडला. तुमच्याकडेही वाफ फुसफुसत बाहेर येतेय, पण शिट्टी होत नाही असं दिसलं तर थांबू नका, गॅस बंद करा. रिंग सैल असेल किंवा पाणी संपत आलं असेल. पण झाकण लगेच ओढू नका, कुकर निवू द्या.

मग मी तक्रार घेऊन शेजारच्या वहिनींकडे गेलो. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, भांडं नाही का ठेवायचं आत?" आमच्या पिढीच्या प्रत्येक बाईला ठाऊक असलेली गोष्ट. पुस्तकात ती असेलही, पण मी खिचडीचं पान सोडून दुसरं पान वाचलं नव्हतं.

तेव्हापासून माझ्या मनात एक वाटणी पक्की झाली आणि ती मी 'रुचिरा'च्या पुठ्ठ्याच्या आत पेन्सिलीनं लिहून ठेवली आहे. धान्याशी ज्याचा संबंध, ते भागायचं. भांड्याशी ज्याचा संबंध, ते भागायचं नाही. तांदूळ, डाळ, मीठ, हळद, गूळ हे सगळं चारानं भागता येतं. चौघांना दोन चमचे मीठ, तर मला अर्धा चमचा, आणि तोही सपाट, कारण रक्तदाब आहे. पण कुकरच्या तळाचं पाणी एकाला काय नि चौघांना काय, तेवढंच लागतं. माझ्या कुकरला दोन वाट्या. शिजायचा वेळही चौथ्या हिश्श्यावर येत नाही, कारण तांदळाचा दाणा तेवढाच असतो.

फोडणीचंही तसंच. चार चमचे तेलाच्या जागी एक चमचा तेल मी रुंद कढईत घातलं, तर ते पसरून तळाला नुसतं ओशट झालं. मोहरी तेलात बुडालीच नाही. काही दाणे उडाले, काही जळाले. एका माणसाची फोडणी लोखंडी पळीत करायची. चमचाभर तेल तिच्या खळग्यात साठतं. आधी मोहरीचा एकच दाणा टाकायचा. तो तडतडला की बाकीची मोहरी, तिचा आवाज थांबत आला की जिरं, मग गॅस बंद करून हिंग आणि शेवटी हळद. हळद सगळ्यांत आधी करपते. रंग तपकिरी झाला तर ती फोडणी टाकून द्यायची. एक चमचा तेल वाया गेलं म्हणून अख्खी खिचडी कडू करू नये.

तर माझी खिचडी आता अशी होते. छोट्या भांड्यात धुतलेले अर्धी वाटी तांदूळ आणि पाव वाटी डाळ. त्यावर पळीतली फोडणी ओतायची, मीठ, नखभर गूळ आणि सव्वादोन वाट्या गरम पाणी. म्हणजे दुप्पट नव्हे, तिप्पट, कारण दातांचा विचार करावा लागतो. भांड्यावर ताटली, कुकरमध्ये खाली दोन वाट्या पाणी. तीन शिट्ट्या, मग गॅस बारीक करून पाच मिनिटं आणि बंद. उरली तर ताटात रात्रभर तशीच ठेवायची नाही. निवली की लगेच फ्रीजमध्ये, आणि सकाळी वाफ येईपर्यंत गरम करून खायची.

कुकरचा दाब उतरायला माझ्या घरी वीस-बावीस मिनिटं लागतात. माझं संध्याकाळचं वाचन त्या वीस मिनिटांतून सुरू झालं. गॅस चालू असताना वाचायला बसायचं नाही, हा नियम मी दुधाचं एक पातेलं जाळून शिकलो. पण बंद कुकर धोका देत नाही.

पहिल्या वर्षी मी मोठ्या कादंबऱ्या आणल्या होत्या. वाटलं, वेळ भरपूर आहे. जमलं नाही. काल वाचलेली पात्रं आज आठवत ना. दु:खात स्मरणशक्ती अशी गळते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी घाबरून डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "सर, झोप होते का?" होत नव्हती. तेव्हा मला तुकड्यातुकड्यांनी वाचता येईल असं, कालचं विसरलं तरी चालेल असं काही हवं होतं.

ज्ञानेश्वरीत सुमारे नऊ हजार ओव्या आहेत. रोज पंचवीस म्हटल्या तर वर्षात पुऱ्या होतात आणि पंचवीस ओव्या मोठ्यानं वाचायला कुकर निवायच्या आतला वेळ पुरतो. मोठ्यानं हे महत्त्वाचं. मी भाविक म्हणून वाचत नाही, तुम्हाला माहीत आहे. पण एक दिवस संध्याकाळी फोन आला आणि माझ्या तोंडून 'हॅलो' घोगरं निघालं. लक्षात आलं, सकाळपासून मी एक शब्दही बोललो नव्हतो. गद्यात असंच मोठ्यानं वाचण्यासारखं पुस्तक म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. १९३४ ते ३६च्या दरम्यान चार भागांत आलेलं. बाई बोलल्यासारखं लिहितात, एकेक हकीकत चार-पाच पानांत संपते. टिळक १९१९ साली गेले. म्हणजे आपण वाचतोय ते जोडीदार गेल्यावर, मागे उरलेल्या माणसानं लिहिलेलं आहे. तरी त्यात नवऱ्याची जेवढी थट्टा आहे तेवढी क्वचित कुठे सापडेल. पत्नी गेल्यावर मी घरात पहिल्यांदा मोठ्यानं हसलो तो या पुस्तकामुळे. हसून झाल्यावर अपराधी वाटलं, तेही सांगून टाकतो.

तिसरं दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र', १९५६चं. बारा महिन्यांवर बारा लेख. हे एका दमात वाचू नका. ज्या महिन्याचा लेख त्या महिन्यातच काढा, आणि मग फिरायला जाताना झाडं बघा. माझ्या फिरण्याच्या रस्त्यावर दोन पांगारे आहेत, हे मला तीस वर्षं माहीत नव्हतं. तिला माहीत असणार.

आता दु:खावरचं पुस्तक. लोक हेच आधी भेट देतात. मला चार जणांनी सी. एस. लुईसचं 'अ ग्रीफ ऑब्झर्व्हड' दिलं. लुईसनं १९४०मध्ये वेदनेच्या प्रश्नावर एक व्यवस्थित, तर्कशुद्ध पुस्तक लिहिलं होतं. १९६०मध्ये त्याची पत्नी गेली. त्यानंतर वह्यांतून जे उतरलं ते १९६१ साली त्यानं टोपणनावानं छापलं. दोन्ही पुस्तकं मी वाचली आहेत. पहिल्यात त्याला दु:खाबद्दल माहीत आहे, दुसऱ्यात ते करावं लागतंय. म्हणजे राइलचाच भेद. पुस्तक छोटं आहे आणि खरं आहे. पण मी पहिल्या दोन महिन्यांत, रात्री, एकटा असताना उघडलं आणि त्या रात्री झोपलो नाही. माझं मत विचाराल तर वर्ष सरल्यावर, सकाळी वाचावं. त्याआधी कुणाला काही द्यायचंच असेल तर फोडणीची पळी द्या.

एकानं चिठ्ठी पाठवली आहे: पोळ्यांचं काय? पोळ्या मी विकत आणतो. पुस्तकावरून त्या जमल्या नाहीत आणि कणीक किती सैल हे वहीतही लिहिलेलं नाही. वहिनींनी रविवारी दाखवायचं कबूल केलंय.