बेरीज जुळली, तरी बिल चुकीचे

घाटकोपरला राहणाऱ्या आमच्या एका विद्यार्थिनीच्या अम्मींनी ऑक्टोबर 2025 मध्ये शिलाई मशीन आणि विजेची इस्त्री घेतली. दुकानदाराने लिहून दिलेला भाव होता मशीन 8,400 आणि इस्त्री 1,200, दोन्हींवर जीएसटी वेगळा. घरी आल्यावर बिलाचा फोटो त्यांनी आम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवला. "सर, एवढी रक्कम कशी झाली ते जरा बघा ना," एवढेच खाली लिहिले होते. एकूण रक्कम होती 10,824 रुपये.

कागद मधोमध दुमडलेला होता. घडी नेमकी मशीनच्या 'करपात्र मूल्या'वर आली होती, त्यामुळे 8,100 आहे की 8,400, हे फोटोत कळत नव्हते. करपात्र मूल्य म्हणजे सूट वजा केल्यानंतरची, पण कर लावण्यापूर्वीची किंमत. अशा वेळी अंदाज न करता शेजारच्या रकान्याला विचारावे. मशीनसमोर सीजीएसटी 6 टक्के, 504 रुपये आणि एसजीएसटीही तेवढाच, असे स्वच्छ दिसत होते. 8,100 चे 6 टक्के 486 होतात, 8,400 चे 504. म्हणजे पुसट आकडा 4 चाच. महाराष्ट्रातल्या दुकानातून इथल्याच गिऱ्हाइकाने माल घेतला, तर कराचे हे दोन अर्धे भाग नेहमी सारखे असतात. ते वेगळे दिसले तर फोटो तरी चुकला किंवा बिल तरी.

मग ओळीची बेरीज केली. 8,400 आणि दोन वेळा 504 मिळून 9,408. इस्त्रीचे 1,200 आणि दोन वेळा 108 मिळून 1,416. दोन्ही मिळून 10,824. हिशेब पैशापर्यंत बरोबर होता. बहुतेक लोक इथे थांबतात. पण बेरीज एवढेच सांगते की आकडे एकमेकांशी जुळतात. दर योग्य आहे की नाही, हे तिला ठाऊक नसते.

दरासाठी एचएसएन कोड पाहावा लागतो. हा मालाचा ठरावीक क्रमांक असतो. त्याचे पहिले चार आकडे आपल्याला पुरतात. शिलाई मशीनचा 8452, इस्त्रीचा 8516. इथे फोटोपासून सावध राहावे, कारण कोड चुकीचा वाचला तर बेरीज ती चूक पकडत नाही. घडीखाली 5 चा 6 वाटला की 8462 होतो, आणि तो धातूला आकार देणाऱ्या यंत्रांचा कोड आहे. म्हणून कोडशेजारी लिहिलेले मालाचे नाव नेहमी ताडून पाहावे. शंका असल्यास जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर `Search HSN Code` मध्ये कोड टाकून पाहता येतो.

आमच्या बिलात कोड बरोबर होते. चूक निघाली ती तारखेमुळे. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे दर बदलले आणि शिलाई मशीन 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आली. इस्त्री 18 टक्क्यांवरच राहिली. बिल होते 4 ऑक्टोबरचे. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात हेच बिल झाले असते, तर 12 टक्के योग्यच ठरले असते. नव्या दराने मशीनचा कर 210 अधिक 210, म्हणजे 420 होतो. घेतले होते 1,008. फरक 588 रुपयांचा.

इथे एक मर्यादा सांगायला हवी. सौदा "सगळे धरून 9,408" असा ठरला असता, तर दुकानदार म्हणू शकला असता की मूळ किंमत 8,960 आणि त्यावर 5 टक्के 448. तोही हिशेब जुळतो. अम्मींच्या हातात "8,400, जीएसटी वेगळा" असे लिहिलेला कागद होता, म्हणून त्यांचा मुद्दा पक्का झाला. भाव घेताना तो करासह आहे की करावेगळा, हे लिहून घ्यावे ते याचसाठी.

आम्ही त्यांना बिल सपाट ठेवून, चारही कोपरे येतील असा फोटो पुन्हा काढायला सांगितला आणि मशीनची ओळ दुकानदाराला दाखवायला सांगितली. त्याच्या संगणकात जुना दर तसाच राहिला होता. जादा लावलेल्या करासाठी दुकानदाराला क्रेडिट नोट देता येते. त्याने ती दिली आणि 588 रुपये परत केले. दुकानदार ऐकत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

त्या अम्मी आता बिल हातात आले की बेरीज नंतर करतात. आधी तारीख, मग मालाचे नाव आणि कोड, मग दर.