दीड वर्षाची इमारत, तीन मिनिटांची फिल्म

जुनी सोसायटी पाडून नवी इमारत उभी राहताना तिची फिल्म करायची ठरली, की पहिली चर्चा कॅमेरा कोणता घ्यायचा याचीच होते. माझ्या मते ती शेवटी करावी. आधी ठरवायचं ते असं: पडद्यावर नेमकं काय हलताना दिसायला हवं, आणि किती सेकंद?

हिशेब सोपा आहे. टाइमलॅप्समध्ये ठरावीक अंतराने काढलेले फोटो एकामागोमाग दाखवले जातात आणि २५ फोटोंचा मिळून पडद्यावर एक सेकंद होतो. समजा, पुण्यात तळमजला अधिक सात मजल्यांची इमारत आहे आणि काम दीड वर्ष चालणार आहे. रोज उजेडाचे दहा तास, दर १५ मिनिटांनी एक फोटो, म्हणजे दिवसाला ४०. ५४० दिवसांत २१,६०० फोटो जमतील आणि ते सगळे लावले तर चौदा मिनिटांहून जास्त लांबीचं काहीतरी तयार होईल. ते कुणी पाहणार नाही. पण रोजच्या चाळिसातले चार निवडले, तर २,१६० फोटोंत सुमारे दीड मिनिटात इमारत वर येते. फिल्मचा कणा हा.

आता याच कॅमेऱ्यातून स्लॅबचा दिवस बघा. आठ तास काँक्रीट चालतं, त्यात ३२ फोटो निघतात, म्हणजे जेमतेम सव्वा सेकंद. पंपाशी पाऊण पाऊण तास रांगेत थांबून पंधरा मिनिटांत रिकामा होणारा मिक्सर एकाच फोटोत येतो आणि पडद्यावर डोळ्याचं पातं लवायच्या आत जातो. तो दिसायला हवा असेल तर त्या दिवसापुरता दुसरा कॅमेरा दर १० सेकंदांवर लावायचा. मग त्या मिक्सरचे ९० फोटो होतात. तो येतो, रिकामा होतो, जातो आणि या सगळ्याला पडद्यावर साडेतीन सेकंद मिळतात. माणसं मात्र दहा सेकंदांच्या अंतरालाही टुणटुण उड्या मारल्यासारखी दिसतात. गवंडी काँक्रीट पसरतात ती लय दाखवायची असेल तर अर्धा तासच, पण दर दोन सेकंदांनी फोटो घ्यावेत. त्याचे ३६ सेकंद होतात, त्यातले आठ-दहा वापरायचे.

मग सगळं दीड वर्ष दहा सेकंदांवरच का नको? कारण ते एकोणीस लाखांहून जास्त फोटो होतील. बहुतेक कॅमेऱ्यांचं यांत्रिक शटर एक-दोन लाख फोटोंच्या हिशेबाने बनवलेलं असतं. शिवाय एक फोटो दहा एमबीचा धरला तर साठवायला एकोणीस टीबी जागा लागेल. पंधरा मिनिटांच्या हिशेबात हेच काम २१६ जीबीत भागतं.

कॅमेरा कुठे ठेवायचा, हे जमिनीकडे बघून ठरवू नये. अजून नसलेल्या इमारतीकडे बघून ठरवावं. सात मजल्यांवर पाण्याची टाकी आणि लिफ्टची खोली धरून उंची तीस मीटरच्या आसपास जाईल. फुल फ्रेम कॅमेऱ्याला २४ मिलिमीटरची लेन्स लावली, तर जितकं अंतर तितकीच उंची फोटोत मावते: चाळीस मीटरवरून चाळीस मीटर. व्हिडिओच्या आडव्या चौकटीसाठी वरखाली कापल्यावर त्यातले चौतीस उरतात. म्हणजे समोर चाळीस मीटरवर पाच मजली इमारत असेल, तर तिची साधारण पंधरा मीटरवरची गच्ची उत्तम. ती नव्या इमारतीच्या निम्म्या उंचीवर येते, त्यामुळे कॅमेरा सरळ समोर बघतो आणि भिंती तिरक्या पडत नाहीत. सुरुवातीला जवळपास अर्ध्या फोटोत आकाशच दिसेल आणि बिल्डर विचारेल, ‘एवढं रिकामं कशाला?’ तेव्हा चौकट खाली करायचा मोह टाळावा, नाहीतर शेवटचे दोन मजले बाहेर जातात. मात्र याच गच्चीवरून पायाचा खड्डा पत्र्यांच्या कुंपणामागे लपतो. तेवढ्या काळापुरता प्लॉटच्या कोपऱ्यात खांबावर एक वेगळा कॅमेरा लागतोच.

दिशा जमली तर कॅमेरा इमारतीच्या दक्षिणेला असावा. पुण्याच्या अक्षांशावर वर्षातला बराच काळ दुपारचा सूर्य दक्षिणेकडे असतो, त्यामुळे उजेड समोरून पडतो. कॅमेरा पश्चिमेकडे तोंड करून असेल तर रोज संध्याकाळी सूर्यच लेन्समध्ये शिरतो.

ब्रॅकेट काँक्रीटच्या कॉलमला बोल्टने बसवावा. विटांच्या कठड्याला किंवा पत्र्याला लावला तर तो वाऱ्याने, उन्हाने सरकत राहतो आणि शेवटी इमारत थरथरताना दिसते. हे वेळेत ओळखायची युक्ती म्हणजे पहिल्या दिवसाच्या फोटोवर आजचा फोटो ठेवून शेजारच्या विजेच्या खांबाचं टोक जुळतं का ते पाहणं. सिम असलेला कॅमेरा रोज एक फोटो मोबाइलवर पाठवतो, तो कुणीतरी खरोखर बघायला हवा. पावसाळ्यात काचेवर थेंब सुकून डाग पडतात, पेटीत दमट हवेने धुकं धरतं, कोळी जाळं विणतो. सगळं ठीक असेल असं समजून महिनाभर कुणी वर गेलं नाही, तर तो महिना गेला. आणि समोरची सोसायटीसुद्धा पुनर्विकासाला जाणार नाही ना, हे सेक्रेटरींना आधीच विचारून घ्यावं. पुण्यात हा विनोद नाही.

फोकस आणि व्हाइट बॅलन्स हाताने ठरवून कायम ठेवावेत. दीर्घ कामात उजेडाचा अंदाज कॅमेऱ्यावर सोडावा लागतो, पण निवडताना रोजचे त्याच वेळेचे फोटो घेतले तर सावल्या आणि उजेड फारसे उड्या मारत नाहीत. म्हणून रोजचे चार फोटो सकाळी दहा ते अकरा या एकाच तासातले घेतलेले बरे.

स्लो मोशनचा हिशेब उलटा. सेकंदाला १०० फ्रेम घेऊन २५च्या वेगाने दाखवल्या, की एका सेकंदाचे चार होतात. म्हणून अर्ध्या-एक सेकंदात संपणारीच गोष्ट निवडावी. स्लॅबच्या सकाळी फुटणारा नारळ, बूमच्या होजमधून आदळणारं काँक्रीट, व्हायब्रेटरची सुई आत गेल्यावर वर येणारे हवेचे बुडबुडे, सळई कापताना उडणाऱ्या ठिणग्या. चालणारा माणूस संथ केला तर नुसता कंटाळा येतो. नारळासाठी २०० फ्रेम बऱ्या, पण तो एकदाच फुटतो, तेव्हा मुकादमाला ‘सांगतो तेव्हाच’ म्हणून ठेवावं. शटर फ्रेमच्या दुप्पट लागतं, म्हणजे १०० फ्रेमला सेकंदाचा दोनशेवा भाग. नेहमीच्या २५ फ्रेमच्या तुलनेत चौपट उजेड हवा. रात्री स्लॅब लांबला आणि दिवे लागले, की स्लो मोशन थांबवलेलं बरं. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, २०० फ्रेमच्या चित्रात मात्र उजेड धडधडताना दिसतो. जनरेटरवर तर ५० हर्ट्झही नेमके राहतीलच असं नाही. आणखी एक: डोक्यावर हेल्मेट नसलेला कामगार स्लो मोशनमध्ये चौपट वेळ दिसतो. शूटिंगच्या आधी साइट इंजिनिअरला हे सांगितलं की हेल्मेटं लगेच सापडतात.

बाहेरचं प्लास्टर सुरू झालं की इमारतीवर हिरवी जाळी चढते आणि गच्चीवरच्या कॅमेऱ्याला महिनोन् महिने तीच दिसत राहते. तेव्हा दिवसाला एक फोटो पुरे. पण जाळी कधी उतरणार ही तारीख आधी विचारून ठेवावी. समजा ती दोन तासांत उतरली, तर त्या दिवशी अंतर पुन्हा दहा सेकंदांवर आणायचं: ७२० फोटो, २९ सेकंद. वरच्या मजल्यावरून सुटत येणारी जाळी आणि तिच्यामागून उघडत जाणारा नवा रंग, दोन्ही त्यात नीट मिळतात.