डबा सीटखाली कसा गेला?

माझी भाची दुसरीत आहे. गेल्या महिन्यात तिने अभ्यासाच्या वहीतला एक उतारा मला घडाघडा वाचून दाखवला. खालच्या पाचही प्रश्नांची उत्तरं लिहिली आणि पाचही बरोबर आली. मग मी गंमत म्हणून एका कागदावर दोन वाक्यं लिहिली : 'गबूल टिमक्यात बसला. त्याने पाच तुरबळ्या झुरकल्या.' विचारलं, गबूल कुठे बसला? 'टिमक्यात.' किती तुरबळ्या झुरकल्या? 'पाच.' पुन्हा पैकीच्या पैकी! आणि गबूल, टिमका, तुरबळ्या, झुरकणं यातल्या एकाही शब्दाला अर्थ नाही, ते सगळे मीच बनवलेले.

मराठीत ही पळवाट फारच सोपी आहे. प्रश्नात 'कुठे' दिसलं की मूल 'त', 'वर', 'खाली' असं शेपूट असलेला शब्द शोधतं. 'का' दिसलं की 'म्हणून' किंवा 'कारण' शोधतं. बाकीचं वाक्य प्रश्नातूनच उचलायचं. गोष्ट समजण्याची गरजच पडत नाही.

तेव्हा ठरवलं, सात वर्षांच्या मुलांसाठी एक गोष्ट लिहायची आणि तीनच प्रश्न काढायचे, पण गोष्ट समजल्याशिवाय तिन्ही सुटणार नाहीत असे. विषय हरवलेल्या डब्याचा घेतला, कारण शाळेच्या बसमधून जाणाऱ्या मुलाला त्यातली प्रत्येक वस्तू ओळखीची असते. चार खेपा खोडून झाल्यावर गोष्ट अशी उतरली :

ओवी बसमध्ये खिडकीपाशी बसली. तिचा डबा तिच्या मांडीवर होता. आज डब्यात गुळाची पोळी होती.

"जेसीबी! जेसीबी!" कबीर ओरडला.

ओवी पटकन उठली आणि खिडकीतून बघू लागली. पिवळा जेसीबी रस्ता खणत होता. इतक्यात बसमध्ये 'खण्' असा आवाज झाला. पण जेसीबीच्या घरघरीत तो कुणालाच ऐकू आला नाही.

शाळा आली. सगळे उतरले.

मधल्या सुट्टीत ओवीने दप्तर उघडलं. वही होती, बाटली होती, पण डबा नव्हता. ओवीचे डोळे भरून आले. कबीरने आपली एक चपाती तिच्या हातात ठेवली.

शाळा सुटली. ओवी बसमध्ये चढली, तर मावशी हसत होत्या.

"हा घे तुझा डबा. सीटखाली लपून बसला होता!"

ओवीने डबा उघडला आणि पोळीचे दोन तुकडे केले. एक तिने खाल्ला. दुसरा हातात धरून ती मागे वळली.

गोष्ट शंभरेक शब्दांची आहे. निपुण भारत या केंद्राच्या योजनेत दुसरीच्या मुलाने अनोळखी मजकूर मिनिटाला ४५ ते ६० शब्द या वेगाने समजून वाचावा असं लक्ष्य आहे. म्हणजे हे साधारण दोन मिनिटांचं वाचन झालं. पहिल्या खेपेत मी 'ओवी अस्वस्थ झाली' असं लिहिलं होतं. भाची 'अस्वस्थ'पाशी अडकली, अ-स्व-स्थ करत कशीबशी पलीकडे गेली, तोवर वाक्य कुणाबद्दल होतं हेच विसरली. 'डोळे भरून आले' ती न थांबता वाचते. मात्र वाक्यं सोपी करण्याच्या नादात मी 'पण' आणि 'इतक्यात'सुद्धा काढून टाकले होते, ती चूक होती. वाक्यं आखूड झाली, पण एकमेकांचा हात सोडून उभी राहिली. दोन घटनांचा संबंध कसा आहे ते हेच छोटे शब्द सांगतात, ते परत घातले.

आता प्रश्न. पहिला : डब्यात काय होतं? याचं उत्तर एका ओळीत तयार आहे. मी नुकतीच ज्याला नावं ठेवली तोच हा प्रकार, तरी ठेवला. मुलाची भीड चेपते, आणि हेही चुकलं तर अडचण वाचण्यातच आहे, समजण्यापर्यंत आपण पोचलेलोच नाही, हे आपल्याला कळतं.

दुसरा : डबा सीटखाली कसा गेला? माझा सगळा जीव या प्रश्नात आहे. डबा पडला असं गोष्टीत कुठेच लिहिलेलं नाही. मुलाच्या हाती तीन धागे आहेत : डबा मांडीवर होता, ओवी पटकन उठली, 'खण्' वाजलं. चौथा धागा गोष्टीबाहेरचा आहे. मांडी ही बसलेल्या माणसालाच असते, उभं राहिलं की ती नाहीशी होते! हे सात वर्षांच्या मुलाला पक्कं ठाऊक असतं, फक्त ते इथे आणून जोडायचं असतं. माझ्या पहिल्या खेपेत 'डबा घसरून सीटखाली पडला' असं सरळ वाक्य होतं आणि या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांना आलं होतं. ते वाक्य काढल्यावर आमच्या सोसायटीतला एक मुलगा म्हणाला, 'कबीरने लपवला.' 'लपून बसला' हे मावशींचं बोलणं त्याने शब्दशः घेतलं होतं. त्याला चूक म्हटलं नाही, 'ओवी उठली ते पुन्हा वाच' एवढंच सांगितलं. वाचता वाचता तो स्वतःच्या मांडीकडे बघायला लागला, आणि मग हसला.

अमेरिकेतल्या वाचन-अभ्यासक टॅफी राफेल यांनी १९८०च्या दशकात प्रश्नांची अशीच वर्गवारी मांडली : उत्तर एकाच जागी आहे, चार ठिकाणांहून गोळा करायचं आहे, की मजकूर आणि आपलं डोकं दोन्ही लावायचं आहे. उत्तर कुठे राहतं हेच मुलांना शिकवायचं, असा त्यांचा आग्रह.

तिसरा प्रश्न : दुसरा तुकडा कुणासाठी असेल? तुला असं का वाटतं? इथे 'या गोष्टीतून काय बोध मिळतो?' हा प्रश्न मी कटाक्षाने टाळला. आपली मुलं त्यावर गोष्ट न वाचताही 'नेहमी खरे बोलावे' असं ठोकून देतात. 'तुझा डबा हरवला तर तू काय करशील?' हाही सोडला, कारण त्याला वाटेल ते उत्तर चालतं. माझ्या प्रश्नाला दोन उत्तरं मिळाली. 'कबीरला, त्याने चपाती दिली होती' आणि 'मावशींना, त्यांनी डबा सांभाळला'. दोन्ही बरोबर, दोन्हींना गोष्टीत आधार आहे. एकीने 'आईला' म्हटलं. का, विचारल्यावर म्हणाली, 'मी देते म्हणून.' छान आहे, पण ते तिच्या घरातलं उत्तर आहे, ओवीच्या बसमधलं नाही. 'का वाटतं' हे शेपूट जोडल्याशिवाय हा फरक कळला नसता.

घरी करून बघणार असाल तर एवढंच करा : प्रश्न विचारताना गोष्टीचा कागद मुलाच्या हातातच राहू द्या. कागद काढून घेतला की ती पाठांतराची परीक्षा होते. आणि दुसऱ्या प्रश्नावर मूल गप्प बसलं, तर उत्तर सांगू नका. त्याच्या मांडीवर डबा ठेवा आणि म्हणा, 'जरा उभा राहा बघू.'