दोन सिम, एकच रेडिओ

दोन सिमच्या फोनमध्ये कॉलसाठी ‘प्रत्येक वेळी विचारा’ असा पर्याय मिळतो. मोबाइल डेटासाठी मात्र दोघांपैकी एकाच सिमवर खूण करावी लागते. दोन्ही सिमवर रोजच्या डेटाचे पैसे भरलेले असले, तरी दुसऱ्याचा डेटा रात्री बारा वाजता तसाच बुडतो. ही कंपन्यांनी केलेली अडवणूक आहे असं अनेकांना वाटतं. तसं नाही. खरं कारण आपल्या हातातल्या फोनच्या आतच आहे.

बाजारातल्या बहुतेक फोनमध्ये सिमच्या जागा दोन असतात, पण टॉवरकडे लहरी पाठवणारा रेडिओ एकच असतो. तो एका वेळी एकाच सिमचं काम करतो. मग दोन्ही सिमवर फोन कसे येतात? याचं उत्तर ‘स्टँडबाय’ या अवस्थेत आहे.

फोन खिशात पडून असतो तेव्हा तो टॉवरशी सतत बोलत नसतो. ‘मी या भागात आहे’ एवढं नेटवर्कला कळवून तो रेडिओ मिटून घेतो आणि ठरलेल्या वेळी क्षणभर उघडून आपल्या नावाची हाक आली आहे का, ते ऐकतो. या हाकेला तांत्रिक भाषेत पेजिंग म्हणतात. फोरजीमध्ये दोन हाकांमधलं अंतर बहुधा 1.28 सेकंद असतं. प्रत्यक्ष ऐकायला लागतात फक्त काही मिलिसेकंद. म्हणजे एका सिमसाठी फोन तासाला सुमारे 2,800 वेळा कान देतो, तरी बहुतेक सगळा वेळ रेडिओ रिकामाच असतो. त्या रिकाम्या वेळात दुसऱ्या सिमची हाक ऐकून घेणं अवघड नाही. म्हणून स्टँडबायमध्ये दोन्ही नंबर जिवंत राहतात.

इंटरनेटची गोष्ट वेगळी. डेटा सुरू झाला की टॉवर आणि फोन यांची देवाणघेवाण मिलिसेकंदांच्या हिशोबाने चालते. टॉवरने माहितीचा एक तुकडा पाठवला की फोरजीमध्ये तो नीट मिळाला की नाही याची पोच फोनने चार मिलिसेकंदांनी द्यायची असते. शिवाय सिग्नल किती चांगला आहे, हेही वरचेवर कळवावं लागतं. त्यावरूनच टॉवर पुढच्या तुकड्याचा वेग ठरवतो. अशा वेळी रेडिओ उठून दुसऱ्या कंपनीच्या लहरींवर गेला, तर इकडे पोच पोचत नाही आणि टॉवर तेच तुकडे पुन्हा पाठवत राहतो. दोन सिमवर एकाच वेळी डेटा चालवायचा तर या एका रेडिओला दोन्हीकडे सतत हजर राहावं लागेल. ते त्याला शक्य नाही.

एक उदाहरण घेऊ. पुण्यात शिकणाऱ्या एका मुलीकडे गावाकडचा जुना नंबर आहे. तो बँकेला जोडलेला आहे. नेटसाठी तिने दुसऱ्या कंपनीचं सिम घेतलं आहे. ती व्हिडिओ बघत असताना बँकेचा ओटीपी येतो. डेटाचं काम क्षणभर सोडून जुन्या सिमची हाक ऐकायला गेलेल्या रेडिओला ती हाक मिळते. तो उत्तर देतो, एसएमएस उतरवून घेतो आणि पुन्हा डेटावर येतो. एसएमएसला इंटरनेट लागत नाही, म्हणून त्या सिमवर डेटा बंद असला तरी ओटीपी येतोच. व्हिडिओ काही सेकंद पुढचा आधीच उतरलेला असल्यामुळे मधली खोट तिला कळतही नाही. ती व्हिडिओ कॉलवर असती, तर मात्र चित्र किंचित अडखळलेलं दिसलं असतं.

आता त्याच जुन्या नंबरवर आईचा फोन येतो. बोलण्यासाठी रेडिओ त्या सिमकडे सलग लागतो, म्हणून नेटच्या सिमचा डेटा बोलणं संपेपर्यंत थांबतो. यासाठी नव्या फोनमध्ये एक सोय असते. अँड्रॉइडवर सिमच्या सेटिंगमध्ये डेटा आपोआप बदलण्याचा पर्याय असतो आणि आयफोनवर Allow Cellular Data Switching. तो चालू केला की कॉलपुरता डेटा बोलणाऱ्या सिमवरून चालतो. मात्र तो कॉल फोरजी किंवा फाइव्हजीवरून चाललेला हवा आणि त्या सिमवर डेटाचा पॅक हवा. टूजीवर पडलेल्या कॉलमध्ये याचा उपयोग होत नाही.

सर्वांत जास्त नुकसान होतं ते याच्या उलट बाजूला, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. एका सिमवर बोलणं चालू असताना दुसऱ्या नंबरला कोणी फोन लावला, तर ‘व्यस्त’ ऐकू येत नाही. ‘फोन बंद आहे किंवा संपर्क क्षेत्राबाहेर आहे’ असं ऐकू येतं. आपल्याला मिस्ड कॉलही दिसत नाही. दुकानदार, डॉक्टर, रिक्षावाले यांचं गिऱ्हाईक असं हातातून जातं आणि त्यांना पत्ताही लागत नाही. यावर जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे कॉल फॉरवर्डिंग. फोनच्या कॉल सेटिंगमध्ये Call forwarding उघडायचं, When unreachable या ठिकाणी पहिल्या सिमवर दुसऱ्याचा नंबर आणि दुसऱ्या सिमवर पहिल्याचा नंबर घालायचा. मग दुसऱ्या नंबरचा फोन चालू कॉलमध्ये कॉल वेटिंग म्हणून वाजतो, त्यासाठी कॉल वेटिंग चालू हवं. वळवलेल्या कॉलला पैसे लागतात का, हे आपल्या प्लॅनमध्ये पाहून घ्यावं. आणि अनोळखी माणसाने सांगितलेला कोड डायल करून फॉरवर्डिंग कधीही लावू नये. आपले कॉल आणि त्यावर येणारे ओटीपी चोरण्याची ती नेहमीची वाट आहे.

कधी कधी फोन नुसता टेबलावर पडलेला असतो, दोन्ही सिमच्या दांड्या पूर्ण दिसतात, तरी एका नंबरवर फोन लागत नाही. हाकेची वेळ सिमच्या ओळख-क्रमांकावरून ठरते आणि दोन कंपन्या ती एकमेकींना विचारून ठरवत नाहीत. योगायोगाने दोन्ही वेळा एकाच क्षणी आल्या तर रेडिओ एकच हाक ऐकू शकतो. दोन्हींचं अंतर सारखं असेल तर ही टक्कर पुढच्या वेळीही होते, त्याच्या पुढच्या वेळीही. एक सिम थोडा वेळ बंद केल्यावर दुसऱ्यावर फोन नीट यायला लागले, तर हे कारण असण्याची शक्यता मोठी. जगभरच्या मोबाइल मानकांच्या 2022 मध्ये पक्क्या झालेल्या सतराव्या आवृत्तीत यावर तोड आहे. त्यात फोन नेटवर्कला ‘माझी वेळ बदल’ किंवा ‘मी क्षणभर जातो आहे’ असं सांगू शकतो. पण ते फोन आणि नेटवर्क या दोघांनीही अंगीकारायला हवं.

मग सरळ दोन रेडिओच का बसवत नाहीत? बसवतात, पण महागड्या फोनमध्ये. दोन्ही रेडिओ बोटभर अंतरावर असतात, त्यामुळे एकाच्या प्रक्षेपणाने दुसऱ्याचं ऐकणं बिघडू शकतं. फोन तापतो, बॅटरी खर्च होते. अनेक फोनमध्ये म्हणूनच मधला मार्ग निघाला. ऐकायच्या वाटा दोन, पाठवायची एकच. त्यामुळे डेटा न सोडता दुसरी हाक ऐकता येते.

दोन्ही रेडिओ असले तरी डेटाचं सिम एकच निवडावं लागतं, कारण प्रत्येक कंपनी फोनला स्वतःचा वेगळा इंटरनेट-पत्ता देते. ॲपने सर्व्हरशी जोडणी केली की ती त्या एका पत्त्याला बांधलेली राहते. एकच जोडणी दोन वाटांनी चालवण्याची पद्धत 2013 पासून लिहून ठेवलेली आहे, पण त्यासाठी समोरच्या सर्व्हरनेही ती वापरायला हवी आणि बहुतेक ठिकाणी ती नसते. म्हणून दुसऱ्या सिमचा डेटा वापरायचा असेल तर सेटिंगमध्ये जाऊन खूण बदलणं हाच मार्ग. बदल काही सेकंदांत होतो, पण पत्ता बदलल्यामुळे चालू डाउनलोड किंवा व्हिडिओ कॉल मध्येच तुटू शकतो. पैसे पाठवण्याचा व्यवहार अर्ध्यावर असताना ही खूण बदलू नये.