जपान सोडताना पेन्शनचे पैसे काढावेत का?

जपानमध्ये काही वर्षं नोकरी करून परतणाऱ्या आपल्या मंडळींमध्ये एक सल्ला हमखास मिळतो: पेन्शनचे पैसे लगेच काढून घे. एका उदाहरणातून हा सल्ला तपासून पाहू.

समजा, पुण्याच्या एका इंजिनिअरने तिथे 48 महिने नोकरी केली. बोनस धरून त्याचा सरासरी महिन्याचा पगार 4 लाख येन होता. पगाराच्या 18.3 टक्के रक्कम पेन्शनसाठी जाते. त्यातली निम्मी त्याची, निम्मी कंपनीची. परत मिळते ती साधारण त्याच्या वाट्याइतकी, म्हणजे सुमारे 17 लाख 60 हजार येन. कंपनीचा वाटा तिथेच राहतो. 2021 पासून ही रक्कम जास्तीत जास्त 60 महिन्यांच्या हिशेबाने मिळते, त्यामुळे आठ वर्षं राहिलेल्याची बरीच वर्गणी बुडते.

पण पैसे घेतले की ते 48 महिने जपानच्या नोंदीतून कायमचे पुसले जातात. माझ्या मते खरा तोटा इथे आहे. ऑक्टोबर 2016 पासून भारत आणि जपान यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार लागू आहे. जपानी पेन्शनसाठी किमान दहा वर्षांची नोंद लागते आणि या करारामुळे भारतातल्या पीएफच्या योजनेतली वर्षं त्यात धरता येतात. आपल्या इंजिनिअरची इथली सहा वर्षं जमेस धरली की अट पूर्ण होते. पेन्शन मात्र जपानमधल्या चार वर्षांचीच मिळते. आजच्या दराने ती वर्षाला साधारण 1 लाख 85 हजार येन होते, तीही 65व्या वर्षापासून आयुष्यभर, भारतात बसून. म्हणजे एकरकमी मिळणारी रक्कम साडेनऊ वर्षांत भरून निघते. घरात दीर्घायुष्य असेल, तर थांबणं फायद्याचं. पण कर्ज फेडायचं असेल किंवा येनच्या भावाची धास्ती वाटत असेल, तर पैसे काढणंही चूक नाही.

काढायचेच ठरलं, तर निघण्याआधी वॉर्ड ऑफिसात जपान सोडत असल्याची नोंद करावी लागते. ती राहून गेली, तर कागदोपत्री तुम्ही जपानमध्येच राहता आणि अर्ज परत येतो. पत्ता रद्द झाल्यापासून दोन वर्षांत अर्ज, पासपोर्टची प्रत, पेन्शन क्रमांक आणि बँकेचा पुरावा जपान पेन्शन सर्व्हिसला पाठवायचा. खात्यावरचं नाव अर्जातल्या रोमन अक्षरांशी जुळलं पाहिजे.

रक्कम जमा होताना तिच्यातून 20.42 टक्के कर कापला जातो. आपल्या उदाहरणात तो साडेतीन लाख येनच्या वर जातो. ही रक्कम निवृत्तीचं उत्पन्न धरून कर मोजून घेतला, तर यातला बहुतांश परत मिळतो. मात्र त्यासाठी जपानमध्ये राहणारा कर-प्रतिनिधी नेमावा लागतो. ओळखीचा सहकारीही चालतो. निघण्यापूर्वी कर कार्यालयात त्याचं नाव नोंदवा, आणि पैसे मिळाल्याची मूळ चिठ्ठी त्याला पाठवा. अर्जाला पाच वर्षांची मुदत असते.